शिबिराला घरच्यांची नावं द्यायची आहेत? आदल्या संध्याकाळी एवढं करून ठेवा

तपासणी आणि लसीकरणाच्या शिबिराचा निरोप आशाताईंकडून येतो तो बहुतेक वेळा आदल्या दिवशी, आणि सकाळी समाजमंदिरात नोंदणीच्या टेबलापुढे रांग लागली की मागचे लोक ‘आटपा की’ म्हणत असतात. त्या घाईत नाव, वय, आधार हे सगळं नीट भरलं जातं. अ‍ॅलर्जीच्या रकान्यात मात्र एक आडवी रेघ मारली जाते. तासगाव तालुक्यातल्या अशा शिबिरांत मी नोंदणीला बसते. तिथे बसून माझं मत झालंय की घरातल्या प्रत्येकाचा कागद आदल्या संध्याकाळी घरीच तयार करावा, तोही जेवणं झाल्यावर, सगळी माणसं एका जागी असताना. आजींना कोणत्या गोळीने त्रास झाला होता हे आजींपेक्षा सुनेला जास्त आठवतं, आणि ते कोणत्या साली हे मुलाला.

कागद प्रत्येकाचा वेगळा हवा, कारण नोंदणीनंतर घरातली माणसं वेगवेगळ्या टेबलांवर जातात. वर आधारवरचं नाव आणि जन्मतारीख लिहा. वहीत ‘बाळू’ आणि कार्डावर ‘बाळासाहेब’ असं झालं की पुढे कागद जुळत नाहीत. लहान मुलांचं लसीकरणाचं कार्ड शोधून याच कागदाला टाचा. मोबाइल नंबर लिहिताना एक गोष्ट बघा. लसीची नोंद यू-विन या सरकारी पोर्टलवर मोबाइल नंबरावर होते आणि ओटीपी त्याच नंबरावर जातो. आपल्याकडे सगळ्या घराचा नंबर म्हणून पुण्यातल्या मुलाचा नंबर दिलेला असतो. तो कंपनीत मीटिंगमध्ये, आणि इकडे आई ओटीपीची वाट बघत उभी. नोंदणीसाठी शिबिरात हातात असलेल्या फोनचा नंबर द्या. अडचणीच्या वेळी फोन करायचा नंबर वेगळा, त्याकडे पुढे येते.

आता अ‍ॅलर्जी. हा रकाना कधीच रिकामा सोडू नका. काही नसेल तर ‘नाही’ लिहा, खात्री नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. रिकाम्या जागेवरून डॉक्टरांना एवढंच कळतं की कुणी विचारलंच नाही. आणि असेल तर नुसतं ‘गोळीची अ‍ॅलर्जी’ लिहून भागत नाही. चार गोष्टी हव्यात: कशामुळे झालं, घेतल्यावर किती वेळाने झालं, अंगावर नेमकं काय झालं, आणि ते कसं थांबलं. आपण सर्रास ‘पित्त झालं होतं’ म्हणतो. टेबलावरच्या माणसाला त्यातून छातीतली जळजळ समजते, सांगणाऱ्याला अंगभर उठलेल्या गांधी म्हणायच्या असतात. त्यामुळे ‘अंगावर लाल गांधी उठल्या, खाज आली’ असं दिसलं तसं लिहा. ओठ किंवा डोळे सुजले होते का, श्वास घ्यायला जड गेलं होतं का, चक्कर येऊन पडायला झालं होतं का, हे तर नक्कीच.

उलटंही सांगायला हवं. मागच्या लसीनंतर ताप आला, दंड दुखला, टोचलेल्या जागी गाठ आली, याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत. अँटिबायोटिकने जुलाब झाले तीही अ‍ॅलर्जी नव्हे. या गोष्टी सांगा जरूर, पण ‘इतर त्रास’ म्हणून. त्या अ‍ॅलर्जीत घातल्या तर पुढे खरी गरज असताना चांगलं औषध उगाच टाळलं जातं.

एक घर डोळ्यांपुढे घेऊ: द्राक्षबागवाल्यांचं, आजी, मुलगा-सून आणि दीड वर्षाचा नातू. शिबिरात मोठ्यांची तपासणी आहे, साठीच्या पुढच्यांना फ्लूची लस आहे आणि लहान मुलांच्या राहिलेल्या लसी आहेत.

आजींना काही वर्षांपूर्वी लघवीच्या जळजळीवर गोळी दिली होती. तासाभरात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, दवाखान्यात नेऊन इंजेक्शन द्यावं लागलं. गोळीचं नाव आजी सांगतात ‘ती पांढरी मोठी’. अशा वेळी जुनी चिठ्ठी शोधा, ट्रंकेत किंवा कॅलेंडरच्या मागच्या पिशवीत सापडते. नाव कोट्रायमॉक्साझोल निघालं, म्हणजे सल्फाचं औषध. मग आजींच्या कागदावर असं लिहायचं: ‘कोट्रायमॉक्साझोल (सल्फा). गोळीनंतर एका तासात अंगभर गांधी, ओठ सुजले. श्वासाला त्रास नाही. दवाखान्यात इंजेक्शनने थांबलं.’ फ्लूच्या लसीशी या सल्फाचा संबंध नाही, त्यामुळे लस अडणार नाही. मग लिहायचं कशाला? कारण लसीच्या टेबलावरून आजी डॉक्टरांकडे जातील, पुन्हा लघवीची तक्रार सांगतील आणि फुकट औषधांच्या खोक्यातून तीच गोळी हातात पडू शकते. शिबिरात अ‍ॅलर्जीचा कागद लसीपेक्षा औषधाच्या टेबलावर जास्त उपयोगी पडतो, असं मी तरी म्हणेन. म्हणून तो नोंदणीला देऊन मोकळं होऊ नका. फोटो काढून ठेवा, आणि औषध घेताना तोंडाने पुन्हा सांगा.

आजींच्या हृदयात स्टेंट आहे आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण सुई टोचणाऱ्या सिस्टरना हे आधी कळलं पाहिजे. त्या बारीक सुई वापरतात आणि टोचल्यावर त्या जागी कापूस निदान दोन मिनिटं घट्ट दाबून धरायला सांगतात. चोळायचं नाही, चोळलं की दंड काळानिळा होतो. शिबिर आहे म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. चालू औषधांची नावं पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा पाकिटंच पिशवीत टाका. फक्त एक पाहा: पाकीट कापताना नाव असलेला कोपराच कापून गेलेला असतो, आणि उरलेल्या चांदीवर नुसती अर्धी तारीख. असं असेल तर मेडिकलवाल्याकडून नाव लिहून घ्या. मोठं छापलेलं कंपनीचं नाव नव्हे, खाली बारीक अक्षरात असतं ते औषधाचं.

नातवाचा दुसरा गोवर-रुबेलाचा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर राहिलाय, दोन्ही १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. त्याला अंडं भरवलं की तोंडाभोवती लाल होतं, म्हणून शेजारणीने सुनेला सांगितलंय की गोवराची लस देऊ नकोस. हे चुकीचं आहे. अंड्याच्या अ‍ॅलर्जीमुळे गोवर-रुबेलाची लस थांबवत नाहीत. आजींच्या फ्लूच्या लसीलाही आता ते कारण धरत नाहीत. कागदावर मात्र लिहायचंच. डॉक्टरांना खरं विचारायचं असतं ते हे: पहिल्या डोसनंतर श्वास लागणं, अंग सुजणं असं काही झालं होतं का, आणि निओमायसिन किंवा जिलेटिनने असा जोराचा त्रास कधी झालाय का. आधीच्या लसीनंतर झटका आला असेल तर तोही तारखेसह लिहा. मूल सध्या कुठल्या आजारासाठी स्टेरॉइडचं औषध घेत असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, कारण गोवराची लस जिवंत विषाणूची असते आणि मग डॉक्टर थांबायला सांगू शकतात.

सुनेची पाळी चुकली असेल तर हीच गोष्ट तिलाही लागू. गरोदरपणी जिवंत लस देत नाहीत, धनुर्वाताची देतात. घरी अजून कुणाला सांगितलं नसेल, तर कागदावर लिहू नका. टेबलावर सिस्टरना बाजूला घेऊन सांगा, त्यांना याची सवय असते.

तातडीच्या नंबराचं आमच्याकडे ठरलेलं आहे. नवरा बायकोचा देतो, बायको नवऱ्याचा, आणि दोघं शिबिरातच, दोघांचे फोन एकाच पिशवीत. जो माणूस शिबिराला येणार नाही आणि पंधरा-वीस मिनिटांत गाडी घेऊन येऊ शकतो, त्याचा नंबर द्या. या घरात पहिलं नाव चुलत्यांचं सुचलं. पण छाटणी झालेली, सकाळभर ते ब्लोअरने फवारणी करणार. त्या आवाजात फोन काय, हाक ऐकू येत नाही. म्हणून पहिला नंबर गावात दुकान असलेल्या मेहुण्यांचा दिला आणि दुसरा पुण्यातल्या धाकट्या मुलाचा. धाकटा लगेच येऊ शकत नाही, पण आजींच्या स्टेंटची फाइल त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहे आणि डॉक्टरांशी तो नीट बोलू शकतो. नंबरापुढे नातं आणि नाव लिहा. कागदावरच लिहा, फोनमध्ये असून उपयोग नाही, कुलूप लावलेला फोन दुसऱ्याला उघडत नाही. दोघांना आदल्या रात्रीच फोन लावून सांगा की उद्या बारापर्यंत अनोळखी नंबर आला तरी उचला. असा फोन हल्ली कुणी उचलत नाही, सगळ्यांना तो कर्जवाल्यांचाच वाटतो.

नातवाला घेऊन फक्त आजी जाणार असतील तर कागदावर आईचा नंबर आणि ‘लस द्यायला हरकत नाही’ अशी तिच्या सहीची ओळ हवी.

सकाळी निघताना, रक्त उपाशीपोटी तपासायचं असेल तरच उपाशी जा. पाणी चालतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी इन्सुलिन टोचून उपाशी राहू नये, डबा बरोबर न्या आणि रक्त दिल्यावर इन्सुलिन व जेवण एकत्र घ्या. लसीपुरतं जाणाऱ्यांनी खाऊन जावं. दंड सहज उघडा पडेल असे कपडे घाला, घट्ट बाह्यांच्या ब्लाउजने फार खोळंबा होतो.

लस झाल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. हे बसणं सगळ्यांना जड जातं, पण जोराची अ‍ॅलर्जी येते ती बहुधा याच वेळात, आणि तिच्यावरचं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन तिथल्या पेटीत असतं, तुमच्या घरी नसतं. बसताना आपल्या माणसाकडे बघत राहा. सुई बघून घाबरलेला पोरगा लगेच पांढरा पडतो, घाम येतो, आडवं करून पाय वर घेतले की दोन-चार मिनिटांत बोलायला लागतो. अ‍ॅलर्जी वेगळी दिसते: खाज, गांधी, ओठ-डोळे सुजणं, आवाज बसणं, छातीत घरघर, सारखा खोकला, कधी उलट्या. यातलं काहीही दिसलं की ‘बघू थोडं थांबून’ करू नका, सिस्टरना हाक मारा आणि तो कागद त्यांच्या हातात द्या. घरी पोचल्यावर असं झालं तर १०८ ला फोन करा, आणि कोणती लस किती वाजता घेतली ते आधी सांगा.