मार्चअखेर पासबुक जुळत नव्हतं: ९,५०० रुपये कुठे अडकले होते

सोसायटीच्या रोकडवहीत ३१ मार्चला बँकेची शिल्लक १,१२,४०० रुपये आणि पासबुकात १,१८,१६४. फरक ५,७६४ चा. बेरजा पुन्हा मारल्या, मार्चच्या सगळ्या नोंदींवर खुणा केल्या, बाकीचं सगळं सापडलं, तरी ९,५०० चा हिशेब लागेना. डोकं उठलं अगदी.

शेवटी जमलं ते असं. आधी फेब्रुवारीचं मेळपत्रक, म्हणजे वही आणि पासबुक यांतला फरक दाखवणारा तक्ता, काढून त्यातल्या बाकी राहिलेल्या नोंदी मार्चच्या पासबुकात शोधल्या. प्लंबरला १० जानेवारीला दिलेला ९,५०० चा चेक त्या बाकी नोंदींतच निघाला, पासबुकात नव्हता. त्याने तो अजून वटवलाच नव्हता. मार्चच्या वहीत ती नोंद नसणारच, म्हणून मार्चशी मार्च ताडून ती कधीच सापडत नाही.

मग पासबुकात आहे पण वहीत नाही, ते आधी वहीत घेतलं: व्याज ५०० जमा, बँकेचे चार्जेस जीएसटीसह २३६ खर्च. वहीची शिल्लक झाली १,१२,६६४. या रकमा नुसत्या मेळपत्रकात दाखवून सोडल्या, तर दर महिन्याला पुन्हा वर येतात.

उरला फक्त वेळेचा फरक. १,१२,६६४ मध्ये न वटलेला ९,५०० मिळवला आणि ३१ तारखेला भरलेला, पण अजून जमा न झालेला सभासदाचा ४,००० चा चेक वजा केला. आले बरोबर १,१८,१६४.

चेकची मुदत तीन महिन्यांची असते. प्लंबरने १० एप्रिलपर्यंत तो भरला नाही, तर रक्कम वहीत परत जमा करून देणं म्हणून दाखवायची. ४,००० चा चेक मात्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पासबुकात दिसायलाच हवा. नाही दिसला, तर परत आला असं समजून बँकेत चौकशी करा.