महिन्याभरात एक अक्षर दोनदा उमटू लागलेला कीबोर्ड : विक्रेत्याला तक्रार लिहिताना या चुका टाळा

मेकॅनिकल कीबोर्ड घेऊन महिना उलटतो आणि एखादे बटण एकदा दाबले असता तेच अक्षर कधी कधी दोनदा उमटू लागते. इनस्क्रिप्टमध्ये मराठी लिहिणाऱ्याला हा दोष फार लवकर जाणवतो, कारण त्या मांडणीत `E` या बटणावर काना आहे आणि काना दोनदा उमटला की अक्षराशेजारी ठिपक्यांचे वर्तुळ दिसू लागते. रोमन अक्षरांतून मराठी टंकणाऱ्याच्या नजरेतून मात्र तो निसटू शकतो, कारण एका `a` ऐवजी दोन उमटले तर ‘मन’चे ‘मान’ होते आणि शब्द चुकीचा आहे असे शुद्धलेखन तपासणीलाही वाटत नाही. अशा कीबोर्डाबद्दल केलेली तक्रार पुष्कळदा फेटाळली जाते. दोष खरा असतो, पण तो पत्रातून सिद्ध होत नाही, हे त्यामागचे कारण असते.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दोषाचे वर्णन ‘कीबोर्ड नीट चालत नाही’ किंवा ‘बटण खराब आहे’ एवढ्यावर सोडून देणे. हा दोष अधूनमधून प्रकट होणारा आहे. सेवा केंद्रातला तंत्रज्ञ ते बटण दहा वेळा सावकाश दाबून पाहतो, दहाही वेळा अक्षर एकदाच उमटते आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तो कीबोर्ड परत पाठवतो. त्यात त्याची लबाडी असतेच असे नाही. दोष कसा दिसेल हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

त्यासाठी हा दोष कशामुळे होतो ते समजून घ्यायला हवे. बटणाखालच्या स्विचमध्ये धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात तेव्हा त्या पहिल्या स्पर्शातच स्थिर होत नाहीत, तर काही सहस्रांश सेकंद थरथरत जुळतात आणि सुटतात. हे प्रत्येक स्विचमध्ये घडते, म्हणून कीबोर्डातले नियंत्रक सॉफ्टवेअर एवढा काळ, बहुतेक ठिकाणी सुमारे 5 मिलिसेकंद, या थरथरीकडे दुर्लक्ष करते. पट्टी किंचित वाकलेली असेल, तिच्यावर धूळ बसली असेल किंवा जोड सैल असेल, तर थरथर या मर्यादेच्या पुढे चालू राहते आणि कीबोर्ड तिला दुसरी दाब समजतो. हलक्या व जलद दाबीला, तसेच बोट उचलताना हे अधिक वेळा घडते, आणि नेमकी हीच गोष्ट पत्रात यायला हवी.

दुसरी चूक म्हणजे संगणकाचा दोष कीबोर्डाच्या माथी मारलेला नाही याची खात्री न करता पत्र पाठवणे. विक्रेत्याचे पहिले उत्तर ठरलेले असते : ‘तुमच्या संगणकाची सेटिंग तपासा.’ हे उत्तर येण्याआधीच त्याला वाव राहू नये. बटण दाबून धरले की संगणक स्वतःच अक्षर पुन्हा पुन्हा उमटवतो, आणि हा पुनरावृत्तीचा विलंब कमी ठेवला असेल तर बोट थोडे रेंगाळले तरी अक्षर दुबार येते. विंडोजमध्ये `control keyboard` ही आज्ञा चालवून `Repeat delay` हा काटा `Long` कडे पूर्ण सरकवावा. त्यानंतर झटकन दाबून सोडलेल्या बटणातून पुनरावृत्ती होऊच शकत नाही, म्हणून तरीही अक्षर दोनदा आले तर ते कारण निकालात निघते. मग तोच कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. बिनतारी कीबोर्डात संदेश अडखळल्यामुळेही अक्षरे दुबार येऊ शकतात, पण त्यात बहुधा कोणत्याही बटणाची पाळी येते. दोन संगणकांवर एकच ठरावीक बटण दुबार उमटत असेल, तर दोष त्या बटणाच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या जोडणीत आहे.

लिनक्स वापरणाऱ्यांना याहून पक्का पुरावा मिळू शकतो. `sudo evtest` चालवून कीबोर्ड निवडला की प्रत्येक दाबीची वेळ पडद्यावर दिसते :

```
time 412.104, code 18 (KEY_E), value 1
time 412.184, code 18 (KEY_E), value 0
time 412.200, code 18 (KEY_E), value 1
time 412.208, code 18 (KEY_E), value 0
```

वरील नोंद वाचण्यासाठी सोपी करून, वेळ तीन दशांश स्थळांपर्यंत ठेवून दिली आहे. येथे 1 म्हणजे दाबले आणि 0 म्हणजे सोडले. बटण सुटल्यावर अवघ्या 16 मिलिसेकंदांत ते पुन्हा दाबले गेल्याची आणि त्यानंतर 8 मिलिसेकंदांत सुटल्याची नोंद झाली आहे, आणि माणसाच्या बोटाला एवढा वेग शक्य नाही. संगणकाने केलेली पुनरावृत्ती असती तर मध्ये 0 न येता 2 हा आकडा दिसला असता. अशी चार ओळींची नोंद पत्राला जोडली तर सेटिंगचा मुद्दा पुढे रेटणे विक्रेत्याला कठीण जाते.

विंडोजवर हेच काम एका चलचित्राने होते, मात्र ते तुटक असू नये. आधी कीबोर्डाच्या तळाचा अनुक्रमांक दाखवावा, आणि चित्रण न थांबवता बोट व पडदा दोन्ही दिसतील असा कॅमेरा ठेवावा. इंग्रजी मांडणीवर नोटपॅडची रिकामी फाइल उघडून ते बटण मोठ्याने मोजत 50 वेळा दाबावे. खालच्या पट्टीत `Col 51` दिसायला हवे. `Col 59` दिसले तर आठ अक्षरे जास्तीची उमटली, आणि हा आकडा पत्रात तसाच घालता येतो. ही चाचणी करताना विंडोजमधली `Filter keys` ही सोय बंद असावी, कारण ती दुबार दाब गाळून टाकू शकते आणि दोष झाकला जातो.

तिसरी चूक तक्रारीच्या आधीच हातून घडते. बटणाची टोपी काढून आत फवारा मारणे, स्विच उघडणे किंवा सोल्डरिंग करून पाहणे यामुळे दोष जाईलही, पण गेला नाही तर वॉरंटी नाकारायला विक्रेत्याला आयते कारण मिळते. टोपी काढून कोरड्या ब्रशने धूळ झाडणे यापलीकडे जाऊ नये. चहा किंवा पाणी सांडलेले असेल तर ते लपवण्यात अर्थ नाही, कारण सांडलेल्या द्रवाच्या खुणा आत राहतात आणि त्या सापडल्या की पत्रातल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

चौथी चूक शब्दांची वाटते, पण ती खरे तर मागणीची आहे. ऑनलाइन खरेदीत वस्तू परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत सहसा सात ते दहा दिवसांची असते. महिन्याभरानंतर ‘मला ही वस्तू परत करायची आहे’ असे लिहिले की ‘मुदत संपली’ हे उत्तर येते, आणि त्या मागणीपुरते ते बरोबरच असते. आपली मागणी वॉरंटीखालील असते. ‘वॉरंटीच्या कालावधीत निर्माण झालेला दोष’ असे स्पष्ट लिहून काय हवे तेही क्रमाने सांगावे : आधी बदली किंवा दुरुस्ती, आणि ती न झाल्यास रकमेचा परतावा. वॉरंटीपत्रातले संबंधित वाक्य वाचून त्याचा उल्लेख केल्यास उत्तम, कारण काही उत्पादक वॉरंटीची जबाबदारी थेट स्वतःकडे ठेवतात आणि तशा वेळी पत्राची प्रत त्यांनाही पाठवावी लागते.

कोथरूडमधल्या एका भाषांतरकाराने ऑनलाइन घेतलेल्या 3,200 रुपयांच्या कीबोर्डाचे उदाहरण धरले, तर पत्र असे होईल :

> प्रति, तक्रार निवारण अधिकारी
>
> विषय : वॉरंटी कालावधीतील कीबोर्डाच्या `E` बटणातील दोषाबाबत
>
> महोदय,
>
> मी दि. 4 मे 2025 रोजी आपल्याकडून 3,200 रुपयांचा मेकॅनिकल कीबोर्ड खरेदी केला. ऑर्डर क्रमांक, बिल क्रमांक व अनुक्रमांक सोबतच्या तक्त्यात दिले आहेत. वॉरंटी एक वर्षाची आहे.
>
> दि. 6 जूनपासून `E` हे बटण एकदा दाबले असता काही वेळा अक्षर दोनदा उमटते. हलक्या व जलद दाबीला दोष अधिक दिसतो. 50 दाबींत 8 अक्षरे जास्तीची आली. पुनरावृत्तीचा विलंब कमाल ठेवून दोन वेगवेगळ्या संगणकांवर चाचणी केली असता हेच बटण दुबार उमटले. इतर बटणे व्यवस्थित चालतात. कीबोर्ड उघडलेला नाही व त्यावर द्रव सांडलेला नाही.
>
> कृपया वॉरंटीनुसार कीबोर्ड बदलून अथवा दुरुस्त करून द्यावा. ते शक्य नसल्यास रक्कम परत करावी. तपासणी करताना बटण किमान 50 वेळा जलद दाबून पाहावे, ही विनंती. बिलाची प्रत व अखंड चलचित्र सोबत जोडले आहे.
>
> आपला विश्वासू

तपासणी कशी करावी हे सांगणारे वाक्य बहुतेक पत्रांत नसते. माझ्या मते साऱ्या पत्रात तेच सर्वांत मोलाचे आहे, कारण कीबोर्ड ज्याच्या हाती जाईल त्याला दोष दिसण्याची शक्यता त्या एका वाक्याने वाढते.

पहिल्याच पत्रात कायद्याची धमकी देणे ही पाचवी चूक, आणि कायदा माहीतच नसणे ही तिची जुळी बहीण. ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियम, 2020 नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. म्हणून तक्रार केवळ फोनवर सांगू नये, कारण हे दिवस मोजायला लेखी तारीख लागते. महिना उलटूनही दाद मिळाली नाही, तर दुसऱ्या पत्रात या नियमाचा उल्लेख करावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्यानेही काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि एवढ्या किमतीच्या वस्तूसाठी तेथे शुल्क लागत नाही. दुकानातून समक्ष घेतलेल्या कीबोर्डाला 48 तासांचा नियम लागू होत नाही. तेथे पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेणे हाच पुरावा.

कीबोर्ड कुरिअरने पाठवताना बिनतारी रिसीव्हर व केबल सोबत दिली की नाही याची नोंद पावतीवर करावी आणि बंद करण्याआधी खोक्याचे छायाचित्र काढावे. बदली कीबोर्ड आला की वॉरंटी मूळ खरेदीच्या तारखेपासून मोजली जाणार की नव्याने, हे लेखी विचारून घ्यावे. त्यानंतर 50 दाबींची तीच चाचणी पहिल्या आठवड्यातच सर्व अक्षरांवर करावी, म्हणजे दुसरा कीबोर्डही सदोष निघाल्यास तक्रार लगेच त्याच तक्रार क्रमांकाखाली नोंदवता येईल.