ओरखडा की डिस्क रॉट : जुन्या गेमच्या सीडीची तपासणी

माझ्याकडील एका जुन्या गेमची सीडी ठरावीक टप्प्यावर अडकत असे. पॉलिश करण्यापूर्वी मी ती प्रखर दिव्यासमोर धरली, कारण सीडीतील ॲल्युमिनियमचा परावर्तक थर खालच्या बाजूला नसून छपाईच्या लगेच खाली, पातळ संरक्षक लेपाआड असतो आणि तो गंजला की तेथून टाचणीच्या टोकाएवढा प्रकाश आरपार दिसतो. एखादा बिंदू नव्या सीडीतही असू शकतो. वाढत जाणारे बिंदू किंवा तपकिरी डाग मात्र डिस्क रॉट, म्हणजे हा थर गंजत जाणे, सुचवतात.

या सीडीत तसे काही नव्हते. खालच्या बाजूला वर्तुळाच्या दिशेने गेलेला उथळ ओरखडा होता. मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या ओरखड्यापेक्षा हा अधिक त्रासदायक ठरतो, कारण त्यामुळे सलग माहिती वाचली जात नाही आणि चुका दुरुस्त करणारी व्यवस्था अपुरी पडते. तरीही तो सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटच्या पृष्ठभागावरच असल्यामुळे घासून सौम्य करता येतो. सीडी धुऊन वाळवल्यावर प्लॅस्टिक पॉलिशचा थेंब मऊ मायक्रोफायबर कापडावर घेऊन मी मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत हलकेच घासले. गोल घासल्यास नवे वर्तुळाकार ओरखडे उमटतात. त्यानंतर संगणकावर संपूर्ण सीडी त्रुटीविना वाचली गेली.

दुसऱ्या सीडीत कडेजवळ प्रकाशबिंदूंचा पुंजका दिसला. गेलेला थर पॉलिशने परत येत नाही, म्हणून तिला न घासता मी वाचता येईल तेवढ्या भागाची प्रत लगेच काढून ठेवली.