अडकलेलं रिटेन्शन कसं सुटलं

चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याची शेड बांधली. बिल १८ लाखांचं, प्रत्येक रनिंग बिलातून ५ टक्के कापून ९० हजार रिटेन्शन, म्हणजे कामाची हमी म्हणून रोखलेले पैसे, अडकलेलं. दोष निघाले तर दुरुस्त करून द्यायचा दोषदायित्व कालावधी १२ महिन्यांचा, तो संपला की रिटेन्शन सुटणार. वर्ष उलटल्यावर मागायला गेलो, तर अकाउंट्सवाले म्हणाले, "कंप्लीशन सर्टिफिकेटच नाही, मुदत सुरूच कुठं झाली?" चूक माझीच, चावी देताना कागद मागितलाच नव्हता.

मेजरमेंट बुकात त्यांच्या इंजिनिअरची अंतिम मापांवर तारखेसह सही सापडली. ती दाखवून त्याच तारखेचं सर्टिफिकेट मागितलं. मग एकत्र पाहणी केली. पत्र्याच्या दोन स्क्रूंखालचे रबर वॉशर उन्हानं तडकले होते. तिथल्या तिथं बदलले आणि 'दोष शिल्लक नाही' असं लिहून घेतलं. तीन आठवड्यांत पैसे आले.

आता टॅलीत रिटेन्शनचं वेगळं खातं ठेवतो, सुटायच्या तारखेसकट.