थंडीतली रेशीम बॅच: कॅलेंडर बघू नका, अळी बघा

डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात दुपारी २८-२९ डिग्री आणि पहाटे १० ते १२ असतं, आणि रेशीम अळीला हाच चढउतार सगळ्यात जास्त नडतो. पावसाळ्यात जी बॅच २४ दिवसात कोषावर येते तीच थंडीत २८-३० दिवस घेते, ते चालतं, उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते बॅच पुढेमागे झाली की. ते कुठून सुरू होतं आणि कोष काढताना कसं अंगावर येतं ते नीट सांगतो, कारण मागच्या जानेवारीत माझी १५० अंडीपुंजांची बॅच अशीच गेली.

आधी अंड्याचं थोडक्यात, कारण आता बरेच जण चॉकी सेंटरवरून, म्हणजे कोवळ्या अळ्या वाढवून विकणाऱ्या केंद्रावरून, दुसरी कात टाकलेल्या अळ्याच आणतात. दुबार जातीचं, म्हणजे ज्याचा पांढरा कोष होतो त्याचं, अंडं मुळात घातल्यावर झोपी जातं आणि कित्येक महिने फुटत नाही, अंडी केंद्रावर त्याला आम्लाची ट्रीटमेंट देऊन जागं करतात म्हणून आपल्याला पाहिजे त्या तारखेला अंडी मिळतात. एका अंडीपुंजात म्हणजे एका मादीच्या अंड्यात ४०० ते ५०० अळ्या धरायच्या. २५ डिग्रीला १०-११ दिवसात अंडी फुटतात. फुटायच्या दोन दिवस आधी अंड्यावर टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका दिसतो, तेव्हा काळ्या कापडात गुंडाळून पूर्ण अंधार करतात आणि ठरलेल्या दिवशी सकाळी उजेडात उघडतात. अंधारात पुढची अळी थांबते, मागची तिला गाठते, आणि मग दोन-तीन तासात सगळ्या एकदम बाहेर. म्हणजे बॅच एकसारखी ठेवायचं काम अंड्यापासूनच चालू झालं बघा.

पहिल्या दोन अवस्थांना २७-२८ डिग्री आणि भरपूर ओलावा लागतो, कोवळा पाला बारीक चिरून द्यावा लागतो, आणि थंडीत हे घरच्या शेडमध्ये जमवणं लई अवघड आहे. माझं स्पष्ट मत, थंडीत चॉकी विकतच घ्या. आणताना पहाटे उघड्या गाडीत आणू नका, ऊन वर आल्यावर निघा.

चॉकी घरी आली की खरं काम कातेचं. अळी एकूण चार वेळा कात टाकते आणि पाच अवस्था पूर्ण करते. कातेवर बसायला लागली की खाणं सोडते, अंग ताणल्यासारखं चकाकतं, डोकं वर करून हालचाल न करता बसून राहते. नवीन माणसाला वाटतं आजारी पडली. बेडवरच्या दहातल्या नऊ अळ्या अशा बसल्या की पाला बंद करायचा, चुना मारून बेड कोरडा करायचा, आणि पुन्हा खाणं कधी द्यायचं तर शंभरातल्या ९५ अळ्या कात टाकून बाहेर आल्यावरच. तोपर्यंत पुढच्या अळ्या उपाशी राहिल्या, इकडेतिकडे फिरायला लागल्या तरी चालेल, दहा-बारा तासांनी त्या मरत नाहीत. बाहेर आल्या की आधी अळ्यांवर आणि बेडवर विजेता ही जंतुनाशक पावडर मारायची, अर्धा तास थांबायचं आणि मगच फांदी टाकायची.

आता माझं काय झालं. चौथी कात चालू होती आणि रात्री एकच्या सुमारास लाईट गेली, हिटर बंद, मी घरी झोपलेलो. सकाळी बघतो तर बेडच्या उंचीला लावलेल्या थर्मामीटरवर १६ डिग्री. पूर्वेकडच्या रॅकवरच्या बहुतेक अळ्या कातेतून बाहेर आलेल्या, आणि पश्चिमेच्या भिंतीकडच्या, जिथं पडद्याला फट होती, तिथल्या अजून तशाच बसलेल्या. बाहेर आलेल्या भुकेनं फिरताना बघून मला राहवलं नाही आणि मी सगळीकडे पाला टाकला. इथं चुकलं. ज्या बसलेल्या होत्या त्या पाल्याखाली गेल्या, त्यांच्या अंगावर ओल राहिली, त्या दीड दिवस मागं पडल्या त्या शेवटपर्यंत मागंच.

थंडीत शेड गरम ठेवायचं म्हणून काही जण कोळशाची शेगडी पेटवून दारं बंद करून घेतात. असं करू नका, धुरानं आणि गॅसनं अळी पाला खात नाही आणि आत झोपणाऱ्या माणसाच्या जिवाला पण धोका आहे. कोळसा वापरायचाच असेल तर बाहेर पूर्ण लाल होऊ द्या, धूर संपला की आत न्या आणि वरची खिडकी थोडी उघडी ठेवा, पण धूर संपला तरी गॅस निघतोच, तेव्हा आत झोपू नका. पडदे सूर्य मावळायच्या आधी सोडा, दिवसभराची ऊब आत अडकते, आठ वाजता सोडून काय फायदा. दुपारी मात्र तासभर तरी हवा खेळू द्या. पाला दव सुकल्यावरच कापायचा, ओली फांदी बेडवर गेली की बेड ओला, आणि थंड-ओल्या बेडवर मस्कार्डिन हा बुरशीचा रोग येतो. ओळखायला सोपा, मेलेली अळी आधी मऊ असते, मग कडक होते आणि एक-दोन दिवसात खडूसारखी पांढरी पडते. पांढरी पडायच्या आत चिमट्यानं उचलून चुना-ब्लिचिंगच्या पाण्यात टाका, पांढरी झाली की तिची भुकटी उडून अख्ख्या रॅकवर जाते. अळीवर अंडी घालणारी उझी माशी या दिवसात पण असते, जाळीला भोक असेल तर आजच शिवा.

पाचवी अवस्था म्हणजे नुसतं खाणं. पूर्ण बॅचचा जवळपास ८५ टक्के पाला याच सात-आठ दिवसात लागतो, थंडीत नऊ-दहा. अंड्यातून निघालेली अळी केसासारखी बारीक असते आणि आता तिचं वजन जन्मावेळच्या दहा हजार पट होतं, अंगात जे भरतं त्यातला मोठा भाग रेशमाची ग्रंथी असते. या दिवसात पाला कमी पडला तर अळी मरत नाही, कोष पातळ करते. थंडीत तुतीचा पाला यायला आठ-दहा दिवस जास्त लागतात, तेव्हा चॉकीची तारीख बुक करायच्या आधी बागेत चक्कर मारा. पाला १०० पुंजांचा आणि चॉकी १५० पुंजांची असं झालं की संपलं.

पिकलेली अळी कशी ओळखायची? खाणं सोडते, थोडी आखडते, अंग पिवळसर होऊन उजेडात आरपार दिसल्यासारखं वाटतं, विष्ठा मऊ पडते आणि ती डोकं वर करून बेडच्या कडेला जायला लागते. आता चंद्रिका, म्हणजे अळ्यांना कोष बांधायला लागणाऱ्या जाळ्या, टाकायच्या. चंद्रिकेवर एका चौरस फुटाला ४०-५० अळ्यांच्या वर जाऊ देऊ नका. दाटी झाली की दोन अळ्या मिळून एकच कोष करतात, त्या डबल कोषाचा धागा गुंततो आणि रिलरला, म्हणजे कोषाचा धागा काढणाऱ्याला, तो नको असतो.

इथं एक गोष्ट लोकांना पटत नाही. कोष बांधायच्या आधी प्रत्येक अळी शेवटची लघवी करते, साठ हजार अळ्यांची मिळून शेडमध्ये किती ओल होते विचार करा. अळी तोंडातून जो धागा काढते तो ओला असतो आणि त्याला डिंकासारखं आवरण असतं, हवा कोरडी असेल तर धाग्याचा प्रत्येक थर सुकतो आणि मग वरचा थर बसतो. थंडी आहे म्हणून शेड बंद ठेवलं तर थर एकमेकांना चिकटून जातात. कोष दिसायला झकास, वजन पण भरतं, पण रिलिंगला धागा सारखा तुटतो, आणि बाजारात नेहमीचा व्यापारी एकदा फसला की पुढच्या वेळी तुमच्या क्रेटकडे बघत पण नाही. तेव्हा त्या तीन दिवसात २४-२५ डिग्री ठेवा पण हवा चालू पाहिजे, खालची ओली लेंडी आणि उरलेला पाला काढून टाका.

आता काढणी. अळी दोन-तीन दिवसात कोष पूर्ण करते, थंडीत चार दिवस पण लागतात. त्यानंतर आत ती आणखी एकदा कात टाकून प्युपा होते, म्हणजे पतंग व्हायच्या आधीची अवस्था. ताजा प्युपा पिवळा आणि इतका नाजूक असतो की कोष हलवला तरी फुटतो, आणि फुटला की आतून कोषाला डाग. दोन-तीन दिवसांनी तो तपकिरी आणि कडक होतो, तेव्हाच काढायचं. म्हणून सहाव्या-सातव्या दिवशी काढा असं सांगतात, पण हे चांगल्या हवेचं गणित आहे. थंडीत वेगवेगळ्या रॅकवरचे चार-पाच कोष ब्लेडनं अलगद कापून बघा, सगळे प्युपे तपकिरी असतील तर काढा, एक जरी पिवळा निघाला तर तो रॅक अजून एक दिवस ठेवा.

मी कापून बघितले, पण पूर्वेच्या रॅकवरचेच. तिथले तपकिरी होते. त्या आठवड्यात भाव वर होता, गाडी ठरलेली, सहाव्या दिवशी सगळं शेड एकदम खाली केलं. पश्चिमेकडचे प्युपे अजून पिवळे, ते पोत्यात दाबले जाऊन फुटले. जालन्याला पोत्यं उघडली तर ९६ किलोतले १७ किलो डागी निघाले, ते वेगळे काढून अगदी पडत्या भावात द्यावे लागले, आणि ओल लागल्यामुळे बाकीच्या मालाचा पण भाव तुटला. लाईट गेल्याचा हिशोब असा महिन्याच्या शेवटी झाला. यंदा प्रत्येक चंद्रिकेला अळ्या चढल्याची तारीख लिहून चिठ्ठी बांधतोय, मागच्या वेगळ्या काढणार.

उलट जास्त थांबूनही चालत नाही. प्युपाचा पतंग होतो, कोषाच्या तोंडाशी लाळ सोडून भोक पाडून बाहेर येतो, त्या कोषातून सलग धागा निघत नाही. शिवाय प्युपा रोज थोडा सुकतो, वजन रोज उतरतं. म्हणूनच व्यापारी किंवा रिलर कोष घेतला की लगेच गरम हवेनं किंवा वाफेनं आतला प्युपा मारतो. मग कोष गरम पाण्यात शिजवून डिंक सैल करतात, आणि सात-आठ-दहा कोषांचे धागे एकत्र ओढून एक सूत करतात. दुबार जातीच्या चांगल्या कोषातून हजार मीटरच्या आसपास धागा मिळतो, आणि साधारण सहा-सात किलो कोषाला एक किलो कच्चं रेशीम पडतं.

काढताना आधी मेलेल्या, सडलेल्या अळ्या वेचा, त्या चांगल्या कोषात गेल्या की डाग पडलाच. मग कोषावरची जाळी काढा, डबल, डागी, पोचट कोष वेगळे करा. ढीग घालू नका, आतले प्युपे जिवंत आहेत, श्वास घेतात, ढिगाच्या पोटात हात घातला तर गरम लागतं. क्रेट किंवा सैल जाळीची पोती, अर्धीच भरलेली.

बाजारात जायच्या आधी घरीच एक टेस्ट करा. दहा कोष मोजा, समजा १७ ग्रॅम भरले. कापून प्युपे काढा आणि नुसती कवचं मोजा, ३.६ ग्रॅम आली तर रेशमाचा वाटा २१ टक्के. हा आकडा माहीत असला की भाव सांगताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही.

गाडी गेली की झोपायला जाऊ नका. चंद्रिकांवर राहिलेलं रेशीम जाळून टाका, त्या ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवा, शेड धुवून फवारून बंद करा. पुढची चॉकी दुसऱ्या आठवड्याच्या आत आणू नका, तेवढ्या वेळात पश्चिमेच्या पडद्याची फट पण शिवून होते.