गेम लावला की सबवूफर मान टाकतो? पेअरिंगच्या आधी हे बघा

जिथं विचाराल तिथं एकच सल्ला, रीसेट मारा आणि परत पेअर करा. मी दोन रविवार तेच करत बसलो होतो. पेअर व्हायचा, पिक्चर मस्त चालायचा आणि कन्सोलवर गेम लावून दहा मिनिटं झाली की मागचा दिवा परत लुकलुकायला लागायचा.

पेअरिंग एकदाच नीट करा: दोन्हीचे प्लग काढा, दोन मिनिटं थांबा, आधी साउंडबार लावा मग सबवूफर, मागचं पेअरिंगचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, दिवा स्थिर झाला की झालं. काही मॉडेलला हेच रिमोटवरून करावं लागतं, ते मॅन्युअलमध्ये असतं.

आता खरी गोम. बेस तुटतोय की गुणगुणतोय हे आधी कान देऊन ऐका, कारण ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि लोक दोन्हीवर एकच औषध देतात.

तुटत असेल, म्हणजे बेस मध्येच गायब होऊन परत येत असेल तर वायरलेस सिग्नलमध्ये काहीतरी लुडबुडतंय. बरेच सबवूफर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याच पट्ट्यात कन्सोलचं वायफाय आणि कंट्रोलरचं ब्लूटूथ पण असतं. पण माझ्याकडे चोर निघाला तो कन्सोलला लावलेली हार्ड डिस्क. यूएसबी ३.० च्या डिस्क आणि केबलमधून नेमका २.४ च्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, आणि मी शहाण्यासारखी ती डिस्क सबवूफरच्याच डोक्यावर ठेवलेली! डिस्क काढून आतल्या मेमरीतला गेम अर्धा तास खेळलो, दिवा एकदाही लुकलुकला नाही. मग डिस्क मीटरभर लांब नेली, कन्सोलला लॅनची वायर जोडली, विषय संपला. लॅन जमत नसेल तर कन्सोलचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका.

एकसुरी घुंऽऽ असा आवाज येत असेल तर राउटरच्या मागे लागू नका, ती घरघर विजेची असते. साउंडबारचा प्लग पूर्ण काढा, फक्त सबवूफर चालू ठेवा. तरीही घुंऽऽ चालूच राहिलं तर सबवूफरचाच पॉवर सप्लाय नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर बिघडलाय, आणि तो दहा वेळा पेअर केलात तरी बरा होणार नाही. बंद झालं तर आवाज बारकडून येतोय, मग बारला टीव्ही किंवा कन्सोल ऑक्सच्या वायरने जोडलाय का बघा, अर्थिंगच्या भानगडीने त्या वायरीतून घरघर आत शिरते. ती काढून एचडीएमआय किंवा ऑप्टिकल लावा, या दोन्हीतून आवाज डिजिटल जातो त्यामुळे घरघर त्यात मिसळत नाही.

पॉवर सप्लाय गेला असेल तर स्वतः खोका उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो. सर्व्हिसवाल्याला सांगताना "बार बंद असतानाही घुंऽऽ येतं" हे आधी सांगा, नाहीतर तोही पेअरिंगपासूनच सुरुवात करेल.