‘ओव्याचं पान’ म्हणजे कोणतं पान? घरगुती औषधांतल्या वनस्पतींची नोंद कशी घ्यावी

घरोघरी जाऊन कोणत्या दुखण्यावर कोणती वनस्पती वापरली जाते हे लिहून घेणं सोपं वाटतं. पण वहीत उतरलेला मजकूर दोन ठिकाणी हमखास घसरतो. एक, नाव एका वनस्पतीचं आणि वापर दुसरीचा अशी गल्लत होते. दोन, सांगणाऱ्याचं म्हणणं लिहिता लिहिता उपदेश होऊन बसतं. या दोन्ही घसरणी कशा टाळायच्या ते एकाच नोंदीच्या आधाराने पाहू. एक आजी सांगतात, ‘खोकल्याला आम्ही ओव्याचं पान वापरतो.’ हे वाक्य ऐकल्यापासून ते छापील ओळ होईपर्यंत काय काय करावं लागतं?

आधी संमती, मग प्रश्न

कशासाठी विचारतो आहोत, आवाज ध्वनिमुद्रित होणार का, छायाचित्र काढायचं का, नाव छापायचं की नाही, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारा. एका ‘हो’मध्ये चारही धरू नका. ध्वनिमुद्रणाला हरकत नसलेल्या माणसाला आपलं नाव नको असू शकतं. प्रत्येक घराला एक संकेतांक द्या, उदा. घर ०७. नाव आणि संकेतांक जुळवणारी यादी वेगळ्या वहीत ठेवा. एखादी कृती फक्त घरातच ठेवायची आहे असं कुणी म्हटलं, तर तेवढी पूर्ण वगळा. नंतर कधीही ‘आमचं काढून टाका’ म्हणता येईल हेही आधीच सांगून ठेवा.

सुरुवात ‘खोकल्यावर तुम्ही काय घेता?’ अशी करू नका. अशा प्रश्नाने समोरची व्यक्ती सल्लागाराच्या जागी जाऊन बसते आणि कुठे तरी वाचलेलं, फोनवर पाहिलेलंही सांगू लागते. त्याऐवजी म्हणा, ‘दुखण्याखुपण्याला घरात कोणकोणती पानं, बिया, मसाल्याचे पदार्थ वापरता? आठवतील तशी नावं सांगा.’ मध्ये न बोलता, ज्या क्रमाने नावं आली त्याच क्रमाने ती लिहा. यादी संपली की एकेक नाव घेऊन पुढचा प्रश्न विचारा: ‘हे शेवटचं कधी केलं होतं?’

हा प्रश्न फार कामाचा आहे. ‘मागच्या पावसाळ्यात, नातवाला’ असं उत्तर आलं तर तो स्वतः केलेला वापर. ‘माझी सासू करायची’ म्हणजे पाहिलेला. ‘चांगलं असतं म्हणतात’ म्हणजे फक्त ऐकलेला. नोंदीत ‘केलेले, पाहिलेले, ऐकलेले’ असा रकाना ठेवून त्यातलं एकच लिहा. हा रकाना नसला की ऐकीव माहिती वापर म्हणून मोजली जाते, आणि नंतर दोन्ही वेगळं करण्याचा मार्ग उरत नाही.

शक्यतो एका वेळी एकाच व्यक्तीशी बोला. चौघे बसले असतील तर पहिल्याने सांगितलं की बाकीचे ‘हो, तेच’ म्हणतात. त्या चार नोंदी नव्हेत, एकच आहे.

नावावर विश्वास ठेवू नका, पान हातात घ्या

आता आपल्या आजींकडे येऊ. ‘ओव्याचं पान’ ऐकून वहीत ‘ओवा’ लिहिलं की चूक झालीच. मसाल्याच्या डब्यातला ओवा म्हणजे ट्रॅकीस्पर्मम अम्मी. ही कोथिंबिरीच्या कुळातली वनस्पती. तिची पानं बारीक दोऱ्यांसारखी चिरलेली असतात आणि बिया म्हणून आपण वापरतो ती तिची छोटी फळं असतात. कुंडीत वाढणारा पानओवा म्हणजे कोलियस अँबोइनिकस. जुन्या पुस्तकांत तो प्लेक्ट्रँथस अँबोइनिकस या नावाने सापडतो. तो तुळशी-पुदिन्याच्या कुळातला. पान जाड, मांसल, लवदार, कडा दातेरी आणि पानं समोरासमोर जोडीने आलेली. चुरगळल्यावर दोन्हींचा वास सारखा येतो, म्हणूनच नावही एक झालं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन्ही एकमेकांपासून पुष्कळ दूर आहेत.

अशीच गल्लत ‘ब्राह्मी’ची होते. काही घरांत ती बाकोपा असते, काही घरांत मंडूकपर्णी. त्यामुळे सांगितलेलं नाव एका रकान्यात जसंच्या तसं लिहा, उच्चारासकट. ओळख पटलेलं नाव दुसऱ्या रकान्यात. दोन्ही जुळवून एक करू नका.

ओळख पटवण्यासाठी ‘ते झाड दाखवता का?’ असं विचारा. मग चार छायाचित्रं काढा: पूर्ण रोप, पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि खोडाला पान जोडलेलं असतं ती जागा. फूल असेल तर पाचवं. प्रत्येक चौकटीत सेंटिमीटरची पट्टी ठेवा. नुसत्या पानाच्या छायाचित्रावरून तज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे जोडणीच्या छायाचित्रातच दिसतं.

रोप भरपूर असेल आणि परवानगी मिळाली तर एक फांदी वाळवून ठेवा. वर्तमानपत्राच्या घडीत पानं न दुमडता पसरा, एखादं पान उलटं ठेवा म्हणजे खालची बाजूही दिसेल, आणि वर वजन ठेवा. साध्या पानांचे कागद पहिले काही दिवस रोज बदलले की काम भागतं. पानओव्यासारख्या मांसल पानांत पाणी इतकं असतं की ती आतच काळी पडतात किंवा बुरशी धरतात. अशी फांदी दाबण्याआधी काही सेकंद कढत पाण्यात बुडवून टिपून घेतात. त्याने पेशी मरतात आणि पाणी लवकर सुटतं. कागद मात्र तरीही जास्त दिवस बदलावे लागतात. पान वाळल्यावर वास आणि हिरवा रंग राहत नाही, म्हणून ते ताजं असतानाच लिहून ठेवा. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, घराचा संकेतांक आणि नोंद क्रमांक हवा. मग फांदी वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला दाखवा. जाणकाराने सांगेपर्यंत ओळखीच्या रकान्यात ‘खात्री नाही’ लिहिणं हीच अचूक नोंद.

मोजमाप: चिमूट म्हणजे किती?

‘थोडंसं’, ‘चिमूटभर’, ‘मूठभर’ हे शब्द तसेच लिहा, पण सोबत मोजूनही घ्या. एका चिमटीचं वजन साध्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर उमटतच नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. सांगणाऱ्या व्यक्तीलाच एका वाटीत एकामागून एक दहा चिमटी टाकायला सांगा आणि एकूण वजनाला दहाने भागा. चिमूट त्यांचीच हवी, कारण तुमची बोटं वेगळी. पानांच्या बाबतीत त्यांनी नेहमीसारखी तोडलेली पानं मोजा, सर्वांत लांब पानाची लांबी घ्या आणि एकत्र वजन करा. उदाहरणार्थ: ४ पानं, सर्वांत लांब ७ सेंमी, एकूण ९ ग्रॅम.

एवढं मोजून हे आकडे लोकांसमोर ठेवायचे नाहीत. मूळ नोंदीत ते हवेत, कारण उद्या अभ्यास करणाऱ्याला त्यांची गरज पडेल. पण सर्वांसाठीच्या मजकुरात आकडा आला की वाचणारा त्याला मात्रा समजतो, तुम्ही वर कितीही सूचना लिहा. म्हणून नोंदीच्या दोन प्रती ठेवा: पूर्ण प्रत अभ्यासासाठी, आणि प्रमाण काढून टाकलेली प्रत वाचकांसाठी.

क्रियापद सांभाळा

मराठीत कृती लिहायची सवयच अशी आहे की हात आपोआप ‘पानं गरम करावीत, रस काढावा, मधातून द्यावा’ असं लिहून जातो. हा ‘-वे’ म्हणजे आज्ञाच. तो आला की नोंद संपली आणि सल्ला सुरू झाला. त्याजागी वर्तमानकाळ आणि कर्ता आणा: ‘त्या पानं तव्यावर गरम करतात, रस काढतात, मधात मिसळून देतात असे त्यांनी सांगितले.’ जरा लांबट वाटतं, पण कोण करतं आणि कुणी सांगितलं हे त्यात दिसतं.

‘गुणकारी’, ‘रामबाण’, ‘खोकला बरा होतो’ हे शब्द सांगणाऱ्याच्या तोंडी असतील तर अवतरणात घ्या, तुमच्या वाक्यात नको. दुखण्याचं नावही बदलू नका. ‘धाप लागते’ हे ‘दमा’ करू नका, ‘अंगात उष्णता झाली’ याचं ‘ताप’ करू नका. ‘दमा’ हे निदान आहे, आणि ते करणं तुमचं काम नाही. आजींचा ‘खोकला’ हा खोकलाच लिहा. ‘कोरडा की ओला?’ असं त्यांच्याच शब्दांत विचारायला हरकत नाही.

किती घरांनी सांगितलं याची मोजणीही जपून मांडा. २० पैकी १४ घरांत पानओवा निघाला, तर त्यावरून एवढंच कळतं की तो त्या घरांत माहीत आहे. तो लागू पडतो की नाही, हे त्यातून कळत नाही. हे वाक्य आकड्याच्या लगेच खाली लिहा, शेवटच्या तळटीपेत नको.

आपल्या नोंदीची वाचकांसाठीची ओळ अशी होते:

> घर ०७, नोंद ३. सांगितलेले नाव: ‘ओव्याचं पान’. ओळख: पानओवा (कोलियस अँबोइनिकस), वाळवलेल्या नमुन्यावरून. भाग: ताजी पाने. सांगितलेला उपयोग: ‘खोकला’. कृती: त्या पाने तव्यावर गरम करून रस मधात मिसळतात असे सांगितले. प्रकार: केलेले. परिणाम किंवा सुरक्षितता तपासलेली नाही.

कुणी सल्ला विचारला, किंवा धोका दिसला तर

‘माझ्या साखरेच्या गोळ्यांबरोबर हे चालेल का?’ हा प्रश्न कुठे ना कुठे येतोच. उत्तर आधीच ठरवून ठेवा: ‘आजी, मी फक्त लिहून घेतो आहे. गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि हे घेता तेही त्यांना सांगा.’ एका घरात ऐकलेला उपाय दुसऱ्या घरात सांगू नका. तसं केलंत तर सल्ला दिल्यासारखं होतं, आणि पुढच्या घराची नोंदही बिघडते, कारण तिथे तुमचेच शब्द परत ऐकू येतात.

पण तटस्थ राहायचं म्हणजे गप्प बसायचं असं नाही. समजा आजी म्हणाल्या की हाच मधाचा चाटण त्या सहा महिन्यांच्या बाळाला आत्ता देताहेत. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून क्वचित बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. हे वहीत लिहून निघून येऊ नका. तिथेच शांतपणे सांगा आणि बाळाला खोकला आहे तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. मुलाखत तिथे थांबली तरी चालेल. तुम्ही काय सांगितलंत तेही नोंदीत लिहा, आणि वाचकांच्या प्रतीत त्या ओळीखालीच मधाबद्दलची सूचना ठेवा.

परत जाऊन वाचून दाखवा

आठवड्या-दोन आठवड्यांनी लिहिलेली नोंद त्याच व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवा. दुरुस्त्या याच वेळी निघतात: ‘तव्यावर नाही रे, मी विस्तवावर धरते’, ‘ते माझं नाही, जाऊबाईंचं आहे.’ जुनी ओळ खोडू नका. तिच्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहा, म्हणजे कुठलं म्हणणं पहिल्यांदा आलं आणि कुठलं नंतर सुधारलं हे वहीत दिसत राहील. ‘जाऊबाईंचं’ असं कळलं तर ती नोंद ‘केलेले’मधून ‘पाहिलेले’मध्ये न्या, आणि शक्य असेल तर जाऊबाईंशी स्वतंत्र बोला.